सकाळी शिवण कुठे असते?

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी माझ्या दोन पायजम्यांच्या बाहेरच्या बाजूच्या शिवणीवर, गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावर, लाल दोऱ्याचे ठसठशीत टाके घातले. रात्री आडवं होताना ते टाके बरोबर मांडीच्या बाजूला आहेत ना, एवढं बघायचं. सकाळी जाग आली की उठायच्या आधी, पाय तसेच ठेवून, हाताने चाचपून टाके कुठे आहेत ते शोधायचं आणि उशाजवळच्या वहीत लिहायचं. तीन आठवडे मी हे केलं, कारण मला माझी झोप नेमकी कशाने मोडते ते समजून घ्यायचं होतं. पन्नाशी ओलांडल्यापासून रात्री दोन-तीनदा जाग येतेच. त्यातली एखादी अंगातून उठणाऱ्या उष्णतेच्या लाटेची, ती तर माझ्या वयाच्या सगळ्याच बायकांना ठाऊक आहे. पण बाकीच्या वेळी जाग आली की हात आपोआप कमरेकडे जायचा आणि मी पायजमा ओढून, फिरवून सरळ करत बसायचे.

एक पायजमा पॉपलीनचा, सुती, दुकानातून आणलेला, एक्सेल साईझचा. दुसरा ताणला जाणारा, ९५ टक्के सुती आणि ५ टक्के इलास्टेन, म्हणजे आपण सरसकट ज्याला लायक्रा म्हणतो ते. हा एल साईझचा. वहीत जे उतरलं ते साधारण असं होतं: पॉपलीनच्या पायजम्याचे टाके सकाळी चार-चार बोटं पुढे सरकलेले, कधी तर थेट मांडीच्या वर आलेले. ताणणाऱ्या कापडाचे फार तर एक-दोन बोटं हललेले.

यामागचं कारण कळायला मला वेळ लागला, पण एकदा कळल्यावर ते फार साधं वाटलं. आपण रात्रीत अनेकदा कूस बदलतो. त्या वेळी अंगाचा भार गादीवर असतो आणि अंग व गादी यांच्यामध्ये कापड दाबलेलं असतं. सुती चादरीवर सुती पायजमा सहज घसरत नाही, दोघांचे धागे एकमेकांना धरून ठेवतात. मग आपण वळतो तेव्हा ढगळ कापड चादरीशी राहतं आणि पाय आतल्या आत फिरतो. पुन्हा दुसरीकडे वळलो की कापड तितकंच उलटं फिरून जागेवर येईल असं नाही, कारण मधल्या वेळात आपण गुडघे पोटाशी घेतलेले असतात, एक पाय पुढे टाकलेला असतो. असं चार-पाचदा झालं की पायजम्याची नळी मांडीभोवती पिळली जाते. गाऊन घालणाऱ्या बायकांना हाच अनुभव कमरेपाशी येतो, सगळा घेर एका बाजूला गोळा होऊन अंगाखाली वळकटी होते. ताणणारं कापड मात्र कातडीला धरून असतं. त्यामुळे अंग वळलं की तेही बरोबर वळतं आणि घसरायचं ते चादरीवर घसरतं.

म्हणजे ताणणारं कापड जिंकलं असं वाटेल. पहिल्या आठवड्यात मलाही तसंच वाटलं होतं. पण मी डोंबिवलीत राहते. मार्चच्या शेवटी इथली रात्रीची हवा चिकट व्हायला लागते आणि वहीत दुसऱ्या प्रकारच्या नोंदी यायला लागल्या: गुडघ्याच्या मागे ओल, कमरेवर इलॅस्टिकचा लाल वळ, पहाटे पायावरची चादर फेकून दिलेली. झोप लागताना शरीर आतली उष्णता कातडीवाटे बाहेर टाकत असतं. ढगळ सुती पायजम्यात कातडी आणि कापड यांच्यामध्ये हवेचा थर असतो आणि पाय हलवला की तो भात्यासारखा आत-बाहेर होतो. अंगाला चिकटलेल्या कापडात ही हवा उरतच नाही. कापडात सूत असल्यामुळे घाम शोषला जातो, पण शोषलेला घाम तिथेच, कातडीला लागून राहतो. कापड पॉलिएस्टरचं असतं तर शोषलाही गेला नसता.

तेव्हा मला हवं होतं ते असं: ढगळ सुती कापडातली हवा आणि ताणणाऱ्या कापडाचं अंगाबरोबर वळणं. दुकानात विचारलं तर एकच उत्तर मिळालं. “मॅडम, एक साईझ मोठी घ्या, झोपताना मोकळं वाटेल.”

मी डबल एक्सेल घेऊन आले. पीळ आणखी वाढला, कारण कापड आणखी वाढलं. आणि गुडघे पोटाशी घेतले की कंबर मागून खाली ओढली जायची, ती तशीच राहिली. हे मात्र मला समजेना. साईझ मोठी, घेर मोठा, मग मागून ओढ कशाची? शेवटी दोन्ही पायजमे जमिनीवर पसरले आणि टेप घेऊन मापले. एक्सेल आणि डबल एक्सेलमध्ये सीटचा घेर तब्बल चार इंचांनी वाढला होता. पण आसन, म्हणजे पुढच्या कमरेपासून दोन पायांमधून मागच्या कमरेपर्यंतची शिवण, फक्त पाऊण इंचाने वाढलं होतं. एकात साडेचोवीस, दुसऱ्यात सव्वापंचवीस.

तयार कपड्यांत साईझ वाढते ती मुख्यतः आडवी. उभ्या मापात थोडीच भर पडते आणि एका अर्थी ते बरोबरच आहे, माणूस जाड झाला म्हणून त्या प्रमाणात उंच होत नाही. पण झोपेत आपल्याला जी जागा लागते ती नेमकी उभ्यात लागते. हे खोटं वाटत असेल तर एकदा आरशासमोर करून बघा. सरळ उभं राहून पाठीमागे कमरेपासून मांडी जिथे सुरू होते तिथपर्यंत टेप धरा. मग खुर्चीत बसून पुढे वाका आणि तेच माप पुन्हा घ्या. माझं उभ्याने पुढचं-मागचं मिळून आसन २८ इंच भरतं, त्यातलं मागचं १५. कुशीवर पडून गुडघे पोटाशी घेतले, मुलीला टेप धरायला लावली, तर मागचं साडेसतरा झालं. पुढे तेवढंच कापड सैल पडून चुण्या होतात, पण ते मागे कसं जाणार? पायांच्या मधून सरकायला त्याला वाटच नसते. म्हणून मागची कंबर खाली उतरते. आपण ती वर ओढतो, वळतो, ती पुन्हा उतरते. कापड जुनं झालं की एक दिवस मागची शिवण बसताना उसवते आणि आपण म्हणतो की पायजमा घट्ट झाला. तो घेरात घट्ट झालेलाच नसतो.

मला शिवणकाम येतं. लग्नानंतर क्लास केला होता, घरातले परकर, उशांचे अभ्रे, मुलीचे फ्रॉक मीच शिवले. तेव्हा आसन वाढवायचं तर स्वतःच शिवावं असं ठरवलं. आसन वाढवायचं म्हणजे दोन पायांमधला भाग खाली उतरवायचा, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. पेपर कटिंगमध्ये ती गोलाई दोन इंच खाली घेतली, अडीच मीटर केंब्रिक आणलं आणि शिवला. उभं राहिल्यावर तो छान सैल दिसत होता. रात्री घातला आणि पहिल्यांदा कूस बदलतानाच कळलं की काहीतरी चुकलंय. एक पाय पुढे घेतला की दुसऱ्या पायाचं कापडही त्याच्या मागे ओढलं जात होतं, पोटरीपाशी मोहरी वर चढत होती. सकाळी दोन्ही नळ्या पिळलेल्या.

आमच्या गल्लीत एक मास्तर आहेत, सत्तरीचे, अजूनही ब्लाऊज आणि झब्बे शिवतात. त्यांच्याकडे तो पायजमा घेऊन गेले. त्यांनी तो टेबलावर दुमडून ठेवला, आसनाच्या शिवणीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ताई, खाली उतरवलंत म्हणजे दोन पाय एकमेकांना बांधले की तुम्ही. खाली नाही उतरवायचं, मागून वर चढवायचं.”

त्यांनी खडूने दाखवलं ते असं. दोन पायांमधला सांधा शरीराच्या जितका जवळ, तितका पाय सुटा हलतो. हे काखेसारखं आहे. ब्लाऊजची काख खाली उतरलेली असली की हात वर केल्यावर सगळा ब्लाऊज वर येतो, काख नेटकी असेल तर फक्त हात वर जातो. पायजम्याचंही तसंच. बसण्या-वळण्यासाठी लागणारी जादा लांबी मागच्या कमरेवर द्यायची, मागची कड पुढच्यापेक्षा वर, तिरकी चढवत न्यायची. उभं राहिलं की मागे थोडी चुणी पडते, ती पडू द्यायची. तीच जागा झोपेत वापरली जाते. बाहेर घालायच्या पॅंटीत ती चुणी वाईट दिसते म्हणून कोणी ठेवत नाही, आणि रात्रीचे पायजमेही त्याच पॅंटींच्या कटिंगवरून निघतात.

निघताना मास्तर म्हणाले, “आणि मियानी लावा. जुन्या लेंग्याला असायची तशी.”

माझ्या वडिलांचा एक जुना लेंगा माझ्याकडे होता, सांगलीहून येताना फडक्यासाठी म्हणून आणलेला. कापड विरलेलं, नेफ्यापाशी नाडी ओढून ओढून भोकं पडलेली, पण आसनात एकही टाका सुटलेला नव्हता. मी तो खिडकीत उजेडाला धरला. दोन्ही पायांची कापडं जिथे मिळतात तिथे एक वेगळा चौकोनी तुकडा बसवलेला होता, तळहाताएवढा. हीच मियानी. त्याचं एक टोक पुढच्या शिवणीला, एक मागच्या, उरलेली दोन दोन्ही पायांच्या आतल्या शिवणींना. ब्लेडने मी तो अलगद उसवला आणि सरळ करून पाहिला. चौकोन सरळ धाग्यात कापलेला होता, कडा उभ्या-आडव्या धाग्याला समांतर. पण लावताना तो टोकावर उभा केलेला असल्यामुळे पाय फाकला किंवा पुढे घेतला की ओढ त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, कर्णावर पडत होती. तो तुकडा मी दोन्ही हातांनी टोकांना धरून ओढला. तो चांगला बोटभर लांबला आणि सोडल्यावर पुन्हा मिटला. कडेला धरून ओढला तर तसूभरही हलला नाही.

मागावर विणलेल्या सुती कापडाला उभ्यात आणि आडव्यात ताण नसतो, पण तिरक्यात, म्हणजे शिंपी ज्याला क्रॉस म्हणतात त्या दिशेने, ते ताणलं जातं, कारण धागे लांबत नसले तरी त्यांच्यामधले चौकोन कलतात. चुडीदार क्रॉसमध्ये कापतात तो त्याचसाठी. जुन्या शिंप्यांनी तोच ताण लेंग्यात फक्त तळहाताएवढ्या जागेत, जिथे लागतो नेमका तिथेच ठेवला होता. बाकी सगळं ढगळ. हे मला फार भावलं. मी जे दोन कापडांत शोधत होते ते एकाच मांजरपाटात, एका तुकड्याच्या दिशेत होतं.

माझ्या पायजम्याला मी पाच इंचाचा चौकोन घेतला, शिवणीसाठी अर्धा-अर्धा इंच वेगळा. मियानी धरून पुढचं आसन १३, मागचं १७ ठेवलं. उभ्याने २८ लागतात म्हणजे दोन इंच सैल, आणि कुशीवर मागे जो अर्धा इंच कमी पडतो तो मियानीचा ताण भरून काढतो. सीटचा घेर मात्र मी कमी केला. माझी सीट ४२, दुकानातला पायजमा ५० आणि ५४ इंचांचा होता, मी ४७ वर थांबले. घेर जास्त असला की आतल्या आत पाय फिरायला जागा मिळते, पीळ तिथून सुरू होतो. ढगळ म्हणजे किती ढगळ, याची माझी परीक्षा साधी आहे: पलंगावर कुशीवर पडून गुडघे वर घ्यायचे आणि मांडीवरचं कापड चिमटीत धरायचं. दोन-अडीच इंचाची घडी आली की पुरे. मूठभर कापड हातात आलं तर ते रात्री अंगाखाली जाणार. कमरेचं इलॅस्टिक मी एक इंच रुंदीचं, कमरेपेक्षा फक्त तीन इंच कमी घेते. अरुंद आणि जास्त ओढलेलं इलॅस्टिक वळ उठवतं.

एक गोष्ट मी आधीच्या केंब्रिकच्या वेळी विसरले होते, ती यावेळी केली. कापड आणल्या आणल्या त्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन दोऱ्याने आखला, कापड रात्रभर भिजवलं, पिळलं, वाळवलं आणि चौकोन पुन्हा मोजला. उभ्यात ४८ भरले, आडव्यात साडेएकोणपन्नास. म्हणजे कापड उभ्यात चार टक्के आटलं, आडव्यात एक टक्का. पायजम्यात उभा धागा लांबीच्या दिशेने असतो आणि आसनाचा बराचसा भागही त्याच दिशेत येतो. तीस इंचाच्या आसनातून त्यामुळे जवळपास इंचभर माप धुण्यातच जातं. नवा पायजमा दुकानात बरोबर बसतो आणि तिसऱ्या धुण्यानंतर मागून ओढायला लागतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. तयार घेताना मी आता आसनात इंचभर जास्तच धरते.

नव्या पायजम्यावरही लाल टाके घातले. पहिल्या आठवड्यात सकाळी ते दोन बोटं, कधी तीन बोटं सरकलेले सापडले. ताणणाऱ्या कापडाइतके ते जागेवर राहिले नाहीत. पण कमरेला हात घालून पायजमा सरळ करायची वेळ त्या आठवड्यात एकदाच आली. उष्णतेच्या लाटा आल्याच, त्या कापडाने थांबत नाहीत. पण घाम आल्यावर पाय हलवला की आत हवा खेळते आणि पुन्हा झोप लागते. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, मी तो ताणणाराच वापरते. तेव्हा हवा नकोच असते, आणि दुलईखाली ढगळ पायजमा दुलईच्या खोळीलाही अडकून पिळतो.

ताणणारं कापड घ्यायचंच असेल तर ते दोन्ही दिशांना ओढून बघावं, हे मात्र आवर्जून सांगते. दुकानात सगळे आडवं ओढून बघतात. गुडघा दुमडला की त्याच्यावरची कातडी उभ्यात कितीतरी जास्त लांबते, आडव्यात थोडीच. स्वतःच्या गुडघ्यावर पेनने दोन ठिपके काढून, पाय सरळ आणि दुमडलेला अशी दोन मापं घेतली की पटतं. कापड फक्त आडवं ताणलं जात असेल तर गुडघे घेतल्यावर ते वरून कमरेला आणि खालून मोहरीला ओढतं. तेव्हा चार बोटांएवढं कापड उभ्यात ओढायचं, पाच बोटांएवढं सहज झालं पाहिजे, आणि सोडल्यावर लगेच परत आलं पाहिजे. हळूहळू परत येणाऱ्या किंवा लाटेसारखं राहणाऱ्या कापडाला महिन्याभरात गुडघे येतात. इलास्टेन नसलेल्या नुसत्या सुती होजिअरीचं तसंच होतं. आणि ताणतंय म्हणून एक साईझ लहान घेऊ नये. रात्रभर ताणलेल्या कापडाचा दाब कातडीवर रात्रभर राहतो. धुताना ब्लीच आणि उकळतं पाणी टाळावं, त्याने इलास्टेन मरतं.

आमच्या ह्यांना यातलं काहीच लागत नाही. ते उताणे झोपतात आणि सकाळी तसेच उठतात. त्यांच्या कुठल्याही पायजम्याची शिवण जागेवर असते. हालचाल जितकी कमी, तितका कटिंगचा प्रश्न कमी.

मुलगी मात्र माझा पायजमा एकदा घालून झोपली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, “आई, मला पण असाच शिव, पण मला पोटात टोचला.” ती पालथी झोपते, एक गुडघा बाजूला वर घेऊन. मी इलॅस्टिकच्या जोडीला पुढे नाडी ओवली होती, त्याची गाठ तिला रात्रभर बेंबीखाली रुतली होती. शिवाय पालथं झोपणाऱ्याची कंबर मागून इतकी लांबत नाही, तिला जागा हवी ती मांड्यांच्या मध्ये, बाजूला. काल तिला लाकडी स्टुलावर बसवून माप घेतलं, कमरेपासून स्टुलापर्यंत साडेनऊ. मागची चढण मी इंचावर आणणार आहे, मियानी सहा इंचांची करणार आहे आणि नाडी काढून नेफ्याची जोड डाव्या कुशीला घेणार आहे. कापड बादलीत भिजत घातलं आहे.